धाप किती लागते यापेक्षा किती वेळात उतरते, ते बघा

"मी ५१ वर्षांची. सहकारनगरात राहते, शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवते. नोव्हेंबरच्या शेवटी न्यूमोनिया झाला. सहा दिवस हॉस्पिटलात होते, त्यातले दोन ऑक्सिजनवर. जानेवारीत एक्स-रे स्वच्छ आला, डॉक्टर म्हणाले आता काही नाही. पण फेब्रुवारी अर्धा सरला तरी मला श्वास पुरत नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या. दुसऱ्या मजल्यापर्यंतच छाती भरून येते, बोटांना मुंग्या येतात, वाटतं आता पडणार. बसल्याबसल्याही खोल श्वास घ्यावासा वाटतो आणि तो पुरा होतच नाही. सारखा ऑक्सिमीटर लावते. आकडा ९७-९८ असतो, तरी विश्वास बसत नाही. हॉस्पिटलातून दिलेल्या तीन गोळ्यांच्या यंत्रावर रोज सराव करते, शेजारणीने सांगितली म्हणून भस्त्रिकाही सुरू केली. रात्री डोळा लागता लागता दचकून उठते. पूर्वी दर रविवारी तळजाईवर चालत जायचे. आता खालच्या दुकानात जायला मुलगी सोबत लागते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. खरंच तसं आहे का?"
— एक शिक्षिका, पुणे

ताई, मनाचे खेळ नाहीत. धाप खरी आहे, मुंग्या खऱ्या आहेत, पडेन असं वाटतं तेही खरं आहे. फक्त त्याचं कारण तुम्ही जिथे शोधताय तिथे बहुधा नाही. न्यूमोनियात जी फुप्फुसं भरली होती ती मोकळी झाली आहेत. मागे राहिली आहे ती आजारपणात लागलेली श्वास घेण्याची पद्धत, आणि पडून राहिल्यामुळे गेलेली पायांतली ताकद. मी श्वसनाची फिजिओथेरपी करते. छातीच्या इन्फेक्शननंतर माझ्याकडे येणाऱ्यांत रिपोर्ट चांगले, डॉक्टर समाधानी आणि पेशंट मात्र जिन्याच्या तोंडाशी अडलेला, अशी माणसं बरीच असतात.

न्यूमोनियाला किती वेळ लागतो हे डिस्चार्जच्या वेळी फारसं कुणी सांगत नाही, म्हणून आधी ते सांगते. ताप साधारण आठवड्यात जातो. खोकला आणि धाप बऱ्यापैकी कमी व्हायला सहा आठवडे लागतात. तीन महिन्यांनीही थकवा उरलेला असू शकतो, आणि पूर्वीसारखं वाटायला बहुतेकांना सहा महिने जातात. तुमचे अजून तीन महिनेही पुरे झालेले नाहीत. 'आता काही नाही' असं डॉक्टर म्हणाले तेव्हा इन्फेक्शन गेलं एवढंच त्यांना सांगायचं होतं. ताकद परत आली असं त्यांनी म्हटलेलं नाही, आणि तुम्ही ते तसं ऐकलंत म्हणून उरलेली धाप जास्त भीतीदायक झाली.

तरीही काही गोष्टी एकदा तपासून घ्याच, कारण पुढचं सगळं मी त्या ठीक आहेत असं धरून लिहिते आहे. हिमोग्लोबिन बघा. तुमच्या वयात पाळी जाता जाता रक्तस्राव जास्त होतो, आणि रक्त कमी असेल तर जिन्यावर नेमकी अशीच धाप लागते. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्या, तीही इन्हेलरच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा. काहींचा दमा छातीच्या इन्फेक्शननंतरच पहिल्यांदा डोकं वर काढतो. ईसीजी काढा, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर टू-डी इको. खोकला अजून असेल तर थुंकीची टीबीची तपासणीही करून टाका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की आपल्याकडे ती करायचीच असते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

आणि काही लक्षणं अशी आहेत की ती दिसली तर हा सल्ला बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. अचानक, बसल्याजागी वाढलेली धाप. श्वास आत घेताना छातीत टोचणारी कळ. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, कारण अंथरुणावर पडून राहिल्यानंतर पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. थुंकीतून रक्त. चक्कर येऊन खरोखर शुद्ध हरपणं. शांत बसलेलं असताना ऑक्सिजन ९२ किंवा त्याखाली. परत चढलेला ताप किंवा बसल्याजागी ९३-९४ वर रेंगाळणारा आकडा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आता तुमच्या ऑक्सिमीटरबद्दल. तो फेकून द्या असं मी म्हणणार नाही. त्याला एकदाच, नीट, खरा प्रश्न विचारा. दिवसा, मुलगी घरात असताना, हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसा. तळहात एकमेकांवर चोळून बोटं ऊबदार करा, कारण पुण्यात या दिवसांतल्या सकाळी बोटं गार असतात आणि गार बोटावर आकडा खोटा येतो. नेलपॉलिशनेही तेच होतं. आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. तो ९५ किंवा त्याच्या वर असेल तरच पुढे जा. मग हाताचा आधार न घेता, एक मिनिटभर, जमेल त्या वेगाने खुर्चीवरून उठा आणि बसा. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर लगेच थांबायचं. मिनिट झालं की बसून पुढचं मिनिटभर आकडा बघत राहा. तो मूळ आकड्यापेक्षा तीन किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसं अजून पुरती सावरलेली नाहीत असा त्याचा अर्थ असू शकतो.

पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं ते असं होईल: मांड्या थरथरतील, नाडी बरीच वर जाईल, धाप चांगली लागेल, आणि ऑक्सिजन ९७ चा ९६ होईल किंवा हलणारच नाही. तसं झालं तर तो आकडा तारखेसह वहीत लिहा. धाप कितीही लागली तरी रक्तातला ऑक्सिजन उतरत नाही, हे तुमच्या स्वतःच्या शरीराने तुम्हाला दाखवलेलं असेल. त्यानंतर ऑक्सिमीटर मुलीच्या कपाटात ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, हीच उठाबशीची चाचणी करायची तेव्हाच तो बाहेर काढायचा. वरची धोक्याची लक्षणं दिसली तर अर्थातच कधीही. घाबरल्यावर आकडा बघायचा, तो ९८ दिसला की पाच मिनिटं बरं वाटायचं आणि परत बघावंसं वाटायचं, हे चक्र रोज जितकं फिरेल तितकी भीती पक्की होते, कारण प्रत्येक वेळी विश्वास यंत्रावर बसतो, श्वासावर नाही.

मग ऑक्सिजन पुरेसा असताना श्वास पुरत नाही असं का वाटतं? श्वास घेण्याची जी ओढ आपल्याला जाणवते ती एरवी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर चालते. तो रक्तात जरा वाढला की मेंदू सांगतो, श्वास घे. न्यूमोनियात ताप होता, फुप्फुसाचा भाग भरलेला होता, तेव्हा तुम्ही भराभर, छातीच्या वरच्या भागातून, तोंडाने श्वास घेत होतात. त्या वेळी ते गरजेचं होतं. इन्फेक्शन गेलं, पण ती पद्धत तशीच राहिली, आणि तिच्यावर खोल श्वासांची भर पडली. निवांत बसलेल्या माणसाला एका श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा पुरते आणि मिनिटाला १२ ते १६ श्वास पुरतात. तुम्ही सबंध दिवस त्याहून जास्त हवा आत-बाहेर करताय.

याने ऑक्सिजन वाढत नाही. ९७ टक्के भरलेल्या रक्तात आणखी भरायला जागाच फारशी नसते. पण कार्बन डायऑक्साइड मात्र प्रत्येक मोठ्या श्वासाबरोबर बाहेर पडत राहतो. तो गरजेपेक्षा खाली गेला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून गरगरतं, छाती आवळल्यासारखी होते. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर तुम्हाला जे होतं ते श्वास कमी पडल्याने कमी आणि जास्त झाल्याने जास्त होतं. दुसरं असं की आठवडेच्या आठवडे असं चाललं की मेंदूला तीच खालची पातळी बरोबर वाटायला लागते. मग कार्बन डायऑक्साइड जरासा, अगदी निरोगी माणसाइतका वर आला तरी गुदमरल्यासारखं होतं, आणि तुम्ही परत एक खोल श्वास ओढता.

तो खोल श्वास पुरा का होत नाही, तेही सांगते. आता आरशासमोर उभ्या राहा आणि नेहमीसारखा 'मोठा श्वास' घ्या. खांदे कानांकडे जातात का? गळ्याच्या दोन बाजूंचे स्नायू दोरीसारखे वर येतात का? बहुतेकांचे येतात. छाती आधीच अर्धी फुगलेली असते, आधीची हवा पुरती बाहेर गेलेली नसते, आणि तिच्यावर आणखी भरायचा प्रयत्न चाललेला असतो. भरलेल्यात भरायला गेलं की अडतंच. म्हणून यापुढे श्वास अडला असं वाटेल तेव्हा आत ओढायचं नाही, आधी सोडायचं. मी पेशंटला पहिल्या भेटीत एवढं एकच शिकवते.

तीन गोळ्यांचं यंत्र बंद करा. हॉस्पिटलात पडून असताना फुप्फुसाचे खालचे कोपरे उघडे राहावेत म्हणून ते दिलं होतं, तेव्हा त्याचा उपयोग झाला. पण त्या गोळ्या ताकद दाखवत नाहीत, हवा किती वेगाने आत ओढली ते दाखवतात. नळ्यांवर लिहिलेले ६००, ९०० आणि १२०० हे आकडे सेकंदाला किती मिलिलिटर हवा गेली याचे आहेत. खांद्याला झटका देऊन जोरात ओढलं तर तिसरी गोळीही वर जाते, आणि आपल्याला नेमकी तीच सवय मोडायची आहे. भस्त्रिका आणि कपालभाती या दोन्ही सध्या नकोत. त्यांत मुद्दामच भराभर हवा आत-बाहेर करायची असते, म्हणजे मुंग्या येण्याची व्यवस्था आपणच करायची. शेजारणीने आपुलकीने सांगितलं आहे, तिला सांगा की दोन-तीन महिन्यांनी बघू. श्वास रोखून धरण्याचे प्रकारही तोवर नकोत.

त्याऐवजी रोज दोनदा, सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर, आठ-दहा मिनिटं हे करा. पलंगावर उताणं पडा, गुडघ्यांखाली एक जाड उशी घ्या, डोक्याखाली पातळ. एक हात बेंबीच्या वर, दुसरा छातीवर. तोंड बंद, श्वास नाकानेच. पहिल्यांदा श्वास सोडा, ओढून-ताणून न करता, खांदे गादीत रुतू देत. मग आत येईल तेवढाच येऊ द्या. पोटावरचा हात जरासा उचलला जावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. परत सोडताना आत घेतला त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा, आणि सोडून झाल्यावर लगेच पुढचा घेऊ नका. तो आपणहून येईपर्यंत क्षणभर थांबा. पोट मुद्दाम फुगवायचं नाही, आकडे मोजायचे नाहीत. श्वासाचा आवाज स्वतःलाही ऐकू येऊ नये इतका तो लहान हवा.

पहिले काही दिवस हे सुखाचं वाटणार नाही, याची आधीच कल्पना देते. दोन-तीन मिनिटांत हवा कमी पडते आहे असं वाटेल आणि मोठा उसासा टाकावासा वाटेल. कार्बन डायऑक्साइड परत त्याच्या जागेवर येतो आहे आणि मेंदूला त्याची सवय राहिलेली नाही, म्हणून ते वाटतं. उसासा यायला लागला की आवंढा गिळा आणि नाकाने एक छोटा श्वास सोडा. बहुतेक वेळा ती लाट ओसरते. नाहीच ओसरली तर एक उसासा टाका, काही बिघडत नाही, आणि परत लहान श्वासावर या. दिवसभर वर्गात, बसमध्ये, जेवण करताना उसासे आणि जांभया येतात तेव्हाही हेच करायचं. दोन-तीन आठवड्यांत त्या कमी झालेल्या तुमच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतील.

आता जिना. पेशंटच्या पाठीवर हात ठेवून मी मागोमाग जिना चढते तेव्हा दहापैकी आठ जणांचं एकच होतं: पहिल्या पायरीवर श्वास आत घेऊन तो तिथेच धरतात आणि 'एकदाचं संपू दे' म्हणून भरभर चढतात. पाठ हाताखाली हलतच नाही. कठड्याच्या वळणावर पोचल्यावर धरलेला श्वास एकदम फुटतो, मग धापा, मग भीती. त्यात मांड्यांची भर. आठवडाभर अंथरुणावर आणि नंतर दोन-अडीच महिने भीतीपोटी बसून काढले की मांडीचे स्नायू झपाट्याने उतरतात. उतरलेला स्नायू थोड्या कामातही लवकर आम्ल तयार करतो, आणि ते निपटण्यासाठी शरीर श्वास वाढवतं. म्हणजे जिन्यावरची तुमची बरीचशी धाप फुप्फुसांतून येत नाही, मांड्यांतून येते. हे कळलं की उपायही कळतो: मांड्या घडवायच्या. एक दिवसाआड, खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं, पाचपासून सुरू करून, उठताना श्वास सोडत. दम उतरला की आणखी पाच. काही दिवसांनी एकेक वाढवा.

तुमच्या ५४ पायऱ्यांचे मजल्याला १८ आणि वळणापर्यंत नऊ, असे सहा टप्पे असतील असं धरते. खालच्या पायरीपाशी उभं राहून आधी श्वास सोडा. मग एका पायरीला आत, पुढच्या दोन पायऱ्यांना बाहेर. वेग श्वासाने ठरवायचा, पायांनी नाही. मागे कुणी घाईत असेल तर कठड्याला सरकून वाट द्या. नऊ पायऱ्या झाल्या की थांबा, धाप लागलेली नसली तरीही. थांबणं धापेच्या आधी असलं की ते ठरवून केलेलं असतं, धापेने भाग पाडलेलं नाही, आणि भीतीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. थांबताना दोन्ही कोपरांखालचे हात कठड्यावर टेकवून जरा पुढे वाका, खांदे सैल सोडा. ओठ किंचित आवळून, बशीतला चहा फुंकावा इतक्याच हलक्याने श्वास सोडा. जोर लावायचा नाही. चार-पाच श्वासांनी नाकावर परत या आणि पुढचे नऊ चढा. वरपर्यंत पाच थांबे होतील. पहिला आठवडा पाचही थांबे घ्या, दुसऱ्या मजल्यापर्यंत बरं वाटलं तरी. मग एक थांबा गाळा, तोही खालच्या मजल्यावरचा, कारण तिथे पाय ताजे असतात. तो चार दिवस नीट जमला की दुसरा.

दारात पोचलात की घड्याळ बघा. बोलताना अडखळायला होणार नाही इतका श्वास शांत व्हायला किती वेळ लागला ते वहीत लिहा, दिवसातून एकाच चढणीचं. धाप किती लागली यापेक्षा ती किती वेळात उतरली, हा आकडा जास्त खरा आहे, आणि तो लवकर सुधारतो. धापेचं माप लागेलच तर गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेली शून्य ते दहाची पट्टी आम्ही वापरतो: शून्य म्हणजे धाप नाहीच, दहा म्हणजे सोसवत नाही. तुम्ही तीन-चारवर राहायचं. तीन-चार म्हणजे किती, हे कळायला सोपी खूण अशी: सोसायटीच्या नावापासून 'पुणे'पर्यंत घरचा पत्ता एका दमात म्हणता आला पाहिजे. मध्येच तुटला तर वेग कमी करा. सगळा पत्ता म्हणून वर गप्पाही मारता आल्या तर थोडा वाढवा. धाप अजिबात लागू न देणं हा बेत चुकीचा आहे, ते तुम्ही दोन-अडीच महिने करून पाहिलंत. लागलेली धाप आपली आपण उतरते, हे शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळालं पाहिजे.

एक धोका आहे तो चांगल्या दिवसाचा. एखाद्या रविवारी मोकळं वाटतं, घरातली सगळी कामं उरकली जातात, आणि मग दोन दिवस उठवत नाही. बरं वाटलं तरी ठरवलं तेवढंच करा. थोड्याशा कामानंतरही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पार गळून जात असेल आणि हे वारंवार होत असेल, तर व्यायाम वाढवू नका, डॉक्टरांना सांगा. इन्फेक्शननंतरच्या अशा थकव्यात रेटून नेलं की नुकसान होतं.

शाळेबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण शिकवणं हे श्वासाच्या दृष्टीने जिन्याइतकंच जड काम आहे. मोठ्या आवाजात लांब वाक्य बोलताना सगळी हवा खर्ची पडते, मग तोंडाने घाईघाईत हवा ओढायची आणि पुढचं वाक्य. पाच तास असं चाललं की संध्याकाळी छाती दुखतेच. प्रकट वाचन मुलांकडून करून घ्या. पूर्णविरामाला खरोखर थांबा, तोंड मिटा आणि नाकाने श्वास येऊ द्या. मुलांना तो थांबा जाणवणारही नाही. शक्य असेल तिथे बसून शिकवा. मोठा वर्ग असेल तर गळ्यात अडकवायचा छोटा माइक मिळतो, तो काही महिने वापरा.

रात्रीचं दचकणं. झोप लागताना श्वास आपोआप मंद होतो, कार्बन डायऑक्साइड किंचित वर येतो. सध्या मेंदू त्या एवढ्याशा बदलालाही दचकतो आणि तुम्हाला उठवतो. श्वास थांबला होता म्हणून जाग आली असं तेव्हा वाटतं. दिवसाचा श्वास सुधारला की हे आपोआप मागे पडतं. तोवर झोपण्याआधी उशीवर तेच लहान श्वास घ्या, डाव्या कुशीवर झोपा, आणि दचकलात तर दिवा लावून ऑक्सिमीटर शोधू नका. उठून बसा, श्वास सोडा, पुन्हा आडवं व्हा. पण गाढ झोपेतून तास-दोन तासांनी धाप लागून जाग येत असेल, आडवं पडताच येत नसेल, किंवा दोन्ही पाय सुजत असतील, तर ते वेगळं आहे, हृदयाची तपासणी लगेच करा. घरच्यांनी मोठं घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं पाहिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

भीतीविषयी मला वाटतं ते स्पष्ट लिहिते. दोन दिवस मास्क लावून पडलेल्या माणसाला 'घाबरू नकोस' म्हणून काहीही होत नाही. त्या दिवसांत धाप म्हणजे खरोखरच धोका होता, आणि शरीराने तो नीट लक्षात ठेवला आहे. घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा. 'मनाचे खेळ' म्हणणं त्यांनी थांबवावं, आणि सतत 'आता कसं वाटतंय?' विचारणंही. मुलीने सोबत येणं एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्याने सोडायचं: आधी ती दुकानाच्या दारात थांबेल, मग सोसायटीच्या फाटकाशी, मग गॅलरीत, मग घरात फोनजवळ. प्रत्येक टप्पा कंटाळा येईपर्यंत करा, मगच पुढचा. हॉस्पिटलचे प्रसंग डोळ्यांसमोर येऊन घाम फुटत असेल, स्वप्नं पडत असतील, किंवा तुम्ही शाळाच सोडायचा विचार करायला लागला असाल, तर समुपदेशकाची मदत घ्या. श्वासाचे उपाय आणि ती मदत बरोबरीने चालतात. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, सुरुवात तिथून करता येईल.

तळजाई. पहिले तीन-चार आठवडे फक्त सपाटीवर चालायचं, सोसायटीच्या आवारात किंवा सारसबागेत, रोज दहा मिनिटं, आणि दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं जास्त. भल्या पहाटे नको. थंडीत पहाटे धूर खाली साचलेला असतो, त्यात कुठे कुठे पालापाचोळा जाळतात. आठनंतर, ऊन आल्यावर निघा. न थांबता अर्धा तास सपाटीवर चालता आलं की तळजाईला स्कूटरवर किंवा रिक्षाने वर जा आणि वरच्या झाडीतल्या सपाट वाटेने चाला. ओळखीची जागा, ओळखीची माणसं, पण चढ नाही. चढ त्यानंतर, आधी अर्धा. घरच्या ५४ पायऱ्या एका थांब्यात व्हायला लागल्या की पर्वतीच्या १०३ पायऱ्याही याच पद्धतीने करून बघा. त्या रुंद आणि उतरत्या आहेत, जागोजागी बसता येतं, आणि तिथे थांबलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही.

वही मात्र रोज लिहा, दोनच ओळी: दारात पोचल्यावर श्वास किती वेळात शांत झाला, आणि थांबे किती घेतले. मेअखेर, म्हणजे आजाराला सहा महिने होतील तेव्हा, ते आकडे फेब्रुवारीत होते तिथेच असतील किंवा त्याआधीच उलट दिशेने जायला लागले, तर वही, एक्स-रे आणि स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट घेऊन छातीच्या तज्ज्ञांकडे जा आणि सीटी स्कॅनची गरज आहे का ते विचारा. न्यूमोनियानंतर थोड्या जणांच्या फुप्फुसात व्रण राहतात, ते साध्या एक्स-रेवर दिसतातच असं नाही.